देतो म्हटलं, म्हणून द्यावंच लागतं का?

लग्नाच्या मांडवात मामा जाहीर करतात, ‘भाच्याला माझ्याकडून एक लाख!’ पुढे मामांनी हात आखडता घेतला आणि भाच्याने जालन्याच्या न्यायालयात दावा लावला, तर? 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 मामांच्या बाजूने उभं राहील. मोबदल्याशिवाय दिलेलं वचन एरवी करार ठरत नाही. मामांनी रक्कम प्रत्यक्ष हातात ठेवली असेल, तर मात्र ती भेट पूर्ण झाली. मग ‘मोबदला नव्हता’ म्हणून ती परत मागता येत नाही.

हजाराचा घोडा दहा रुपयांत
मोबदला किती असावा, हे कायदा ठरवत नाही. कायद्यातच उदाहरण आहे: हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचं ठरलं आणि संमती खुशीची असेल, तर करार पक्का. अंबडच्या बागेतली मोसंबी कवडीमोल भावाने द्यायचं कबूल केलं, तरी हाच नियम. फक्त भाव फारच कमी दिसला, तर संमती दबावाखाली किंवा फसवून घेतली होती का, हे न्यायालय तपासू शकतं.

वर्गणी दोन, निकाल दोन
हावड्यात टाऊन हॉलसाठी एकाने शंभर रुपयांची वर्गणी कबूल केली. वर्गणीदारांच्या शब्दावर विसंबून समितीने कंत्राट दिलं. 1886 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालय म्हणाले, शंभर रुपये द्या! त्याच्या शब्दावर समितीने अंगावर घेतलेली जबाबदारी, हाच मोबदला. 1914 च्या अलाहाबादच्या खटल्यात मशिदीच्या दुरुस्तीसाठी पाचशे रुपये कबूल झाले होते, पण त्या भरवशावर काहीच काम झालं नव्हतं. तिथे दावा फेटाळला गेला.

भावाभावांचा कागद
मुंबई उच्च न्यायालयातला 1899 चा ‘भिवा विरुद्ध शिवराम’ खटला. जमीन वडिलोपार्जित नाही, असं एका भावाने शपथेवर सांगितलं आणि दुसऱ्याचा वाटणीचा दावा बुडाला. नंतर त्याच भावाने नोंदणीकृत कागद करून अर्धी जमीन द्यायचं कबूल केलं. मोबदला काहीच नव्हता, तरी न्यायालयाने वचन बंधनकारक ठरवलं. जवळचं नातं, त्यातली माया, लेखी कागद आणि नोंदणी, हे चारही असले की मोबदला लागत नाही.

मुदत संपलेलं उसनं
हातउसन्या पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती उलटल्यावर ‘देतो की!’ हे तोंडी आश्वासन उपयोगाचं नाही. पण पैसे द्यायचं वचन कर्जदाराने लिहून, खाली सही करून दिलं, तर नव्या मोबदल्याशिवायही ते बांधतं.

म्हणून मंदिराच्या सभामंडपासाठी कुणी मोठा आकडा जाहीर केला, तर आधी लेखी घ्या. त्याच भरवशावर काम देत आहोत, हेही त्यात लिहा आणि मगच ठेकेदाराला बोलवा.