छोट्या टीमला कुबरनेटीस कधी लागतं?

ॲप, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणि चालवण्याच्या सूचना एकत्र बांधून ठेवल्या की त्याची ‘इमेज’ तयार होते. ती इमेज मशीनवर चालू केली की तो झाला कंटेनर. कंटेनर चालू करणं सोपं असतं, अडचण सुरू होते ती पुढे. शेकडो कंटेनर आणि डझनावारी मशीन असतील, तर कुठला कंटेनर कुठल्या मशीनवर ठेवायचा आणि एखादं मशीन बंद पडलं तर त्यावरचे कंटेनर कुठे हलवायचे, हे माणसाला हातानं सांभाळता येत नाही. गूगलमध्ये हे काम ‘बोर्ग’ नावाची अंतर्गत प्रणाली करत असे. त्या अनुभवातून गूगलनं २०१४ मध्ये कुबरनेटीस सर्वांसाठी खुलं केलं. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा.

‘वेब ॲपच्या चार प्रती चालू हव्यात’ असं कुबरनेटीसला लिहून दिलं की ते सतत प्रत्यक्ष स्थिती पाहत राहतं. तीनच प्रती दिसल्या की चौथी उभी करतं, आणि तीही ज्या मशीनवर जागा असेल तिथे. त्याचं खरं बळ या जागावाटपात आहे. म्हणून छोट्या टीमनं आधी विचारायचं ते हे, की आपल्याकडे वाटप करण्याइतकी मशीन आहेत का?

एक कल्पित पण नेहमीच्या मापाचं उदाहरण घेऊ. चारजणांची टीम पॅथॉलॉजी लॅबसाठी ॲप चालवते. दोनशे लॅब त्यावर रुग्णांची नोंद करतात आणि अहवालाची पीडीएफ काढतात. संध्याकाळी सात ते नऊ ही गर्दीची वेळ, तेव्हा सेकंदाला वीसेक विनंत्या येतात. वेब ॲपच्या दोन प्रती, प्रत्येकी ५०० एमबी. पीडीएफ बनवणारा वर्कर ७०० एमबी. कामांची रांग सांभाळणारं रेडिस १०० एमबी. एकूण १.८ जीबी. डेटाबेस क्लाउड कंपनीच्या व्यवस्थापित सेवेत, म्हणजे वेगळाच. हा सगळा पसारा ४ जीबीच्या एका मशीनवर बसतो. इथे जागावाटपाचा प्रश्नच नाही.

उरतात ती कामं अशी: पडलेला कंटेनर पुन्हा उभा करणं, एकानं सगळी मेमरी खाऊ नये हे पाहणं आणि लॉगनं डिस्क भरू न देणं. डॉकर कंपोझच्या फाइलमध्ये यासाठी मोजक्या ओळी लागतात:

```yaml
services:
  web:
    image: lab-app:1.4.2
    restart: unless-stopped
    mem_limit: 600m
    logging:
      driver: json-file
      options:
        max-size: "10m"
        max-file: "3"
```

शेवटच्या दोन ओळी क्षुल्लक वाटतात, पण अनेक छोटी ॲप बंद पडतात ती त्या नसल्यामुळे. `json-file` या नेहमीच्या पद्धतीत लॉगच्या आकाराला मर्यादाच नसते. काही महिन्यांनी डिस्क भरते आणि चूक मात्र भलतीकडेच दिसू लागते. `restart` चीही एक मर्यादा ओळखून असावं. कंटेनरमधली प्रक्रिया संपली तर डॉकर तो पुन्हा चालू करतो. प्रक्रिया जिवंत आहे पण उत्तर देत नाही, अशा अडकलेल्या कंटेनरला तो हात लावत नाही. `healthcheck` लिहिलेला असला तरी डॉकर अशा कंटेनरवर `unhealthy` एवढाच शिक्का मारतो. `livenessProbe` लिहून दिलेला असेल तर कुबरनेटीस त्याला मारून पुन्हा उभा करतं. हा फरक खरा आहे, पण बाहेरून दर मिनिटाला तपासून फोनवर सूचना पाठवणारी सेवा लावली तर या मापाच्या ॲपचं त्यावर भागतं.

आता दुसरी बाजू. ॲमेझॉनच्या ईकेएससारख्या सेवेत कुबरनेटीसचा नियंत्रण-भाग कंपनी सांभाळते. त्याचा नेहमीचा दर तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ७३ डॉलर. त्यावर मशीनचे पैसे वेगळे, आणि एक मशीन दुरुस्तीला काढताना काम दुसऱ्यावर जावं म्हणून निदान दोन मशीन हवीत. पण खरा खर्च वेळेचा आहे. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला मूळ प्रकल्पाकडून सुमारे चौदा महिने आधार मिळतो. म्हणजे अपग्रेडचं काम दरवर्षी येणारच. ते टाळत राहिल्यास ईकेएसमध्ये वाढीव आधाराचा दर तासाला ०.६० डॉलर होतो, सहापट.

अपग्रेडमध्ये काय होऊ शकतं, याचं एक जाहीर उदाहरण रेडिटचं आहे. १४ मार्च २०२३ रोजी तिथल्या टीमनं एक क्लस्टर १.२३ वरून १.२४ वर नेला आणि साइट ३१४ मिनिटं कोलमडली. कारण एका लेबलइतकं छोटं होतं. नियंत्रण-मशीनवर पूर्वी `node-role.kubernetes.io/master` असं लेबल असे, १.२४ मध्ये ते गेलं आणि `control-plane` हे नावच उरलं. नेटवर्कचे रस्ते सांगणारी मशीन मात्र जुन्या लेबलवरून निवडली जात होती. लेबल नाहीसं झालं, निवड रिकामी झाली आणि कंटेनरांमधलं बोलणं तुटलं. मागच्या आवृत्तीवर परतण्याची अधिकृत सोय नसल्यानं बॅकअपवरून क्लस्टर उभा करावा लागला. मुरलेल्या इंजिनिअरांचा असा दिवस जात असेल, तर अहवालांचं ॲप लिहिणाऱ्या चौघांपैकी हे कोण निस्तरणार, याचं उत्तर क्लस्टर उभारण्याआधीच नावानिशी द्यायला हवं.

एका मशीनचा धोका मात्र उरतोच. ते बंद पडलं तर नवं मशीन घेऊन कंपोझ फाइल चालवेपर्यंत, आधी सराव केला असेल तरी, अर्धा तास सहज जातो. नवी आवृत्ती चढवताना साध्या मांडणीत काही सेकंद सेवा तुटते. लॅबच्या ॲपला रात्री दहानंतरचे काही सेकंद चालतात. संध्याकाळचा अर्धा तास चालत नसेल, तर पुढची पायरी कुबरनेटीस नसून व्यवस्थापित कंटेनर सेवा ही आहे. गूगलची क्लाउड रन किंवा ॲमेझॉनची फार्गेट यांना इमेज दिली की मशीन कुठलं, किती, हे त्यांचं ते पाहतात.

तिथेही एक खड्डा आहे. क्लाउड रनच्या विनंतीवार बिलाच्या पद्धतीत कंटेनरला सीपीयू विनंती चालू असतानाच मिळतो. लॅबच्या टीमनं विनंतीला ‘अहवाल तयार होतोय’ असं उत्तर देऊन पीडीएफ मागाहून बनवायला घेतली, तर काम अर्ध्यावर गोठतं. लॉगमध्ये सुरुवातीची ओळ दिसते, शेवटची येत नाही, आणि चूकही कुठे नोंदलेली नसते. तेव्हा वर्कर वेगळा काढावा किंवा सीपीयू कायम चालू राहील अशी बिलाची पद्धत निवडावी.

कुबरनेटीस योग्य ठरतं तेव्हा चित्र वेगळं दिसतं. दहा-पंधरा मशीन झालेली असतात, अनेक टीम स्वतंत्रपणे आपापल्या सेवा चढवत असतात, किंवा तेच ॲप रुग्णालयांच्या स्वतःच्या सर्व्हरवर, तिथल्या कुबरनेटीसमध्ये बसवून द्यायचं असतं. शिवाय क्लस्टर सांभाळणं हेच मुख्य काम असलेलं माणूस टीममध्ये असतं. नुसती गर्दी वाढली म्हणून हे चित्र तयार होत नाही. सेकंदाला वीसच्या जागी शंभर विनंत्या आल्या तरी आधी ४ जीबीचं मशीन ८ किंवा १६ जीबीचं करता येतं.

आज साधी वाट धरली म्हणून उद्याची बंद होत नाही, कारण तीच इमेज तिन्ही ठिकाणी चालते. त्यासाठी चार गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पाळाव्या लागतात. रुग्णांच्या फाइली कंटेनरमध्ये न ठेवता बाहेरच्या साठ्यात ठेवाव्यात, पासवर्ड आणि पत्ते इमेजमध्ये न कोरता बाहेरून द्यावेत, लॉग फाइलऐवजी थेट आउटपुटवर लिहावा, आणि थांबण्याचा `SIGTERM` हा इशारा आला की ॲपनं हातातलं काम संपवून बाहेर पडावं. या शेवटच्या कामाला डॉकर दहा सेकंद देतो, कुबरनेटीस तीस. त्यानंतर दोघंही प्रक्रिया जागच्या जागी मारतात. पीडीएफ बनायला चाळीस सेकंद लागत असतील, तर ही मुदत दोन्हीकडे वाढवून घ्यावी लागते, नाहीतर प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर कुठल्या तरी लॅबचा अहवाल अर्धवट राहतो.