टीव्हीचं नाव यादीत नाही

हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये नवा स्मार्ट टीव्ही लागतो, वाय-फायचा पासवर्डही बरोबर असतो, तरी मॅच काही दिसत नाही. ‘जोडलं गेलं, पण इंटरनेट नाही’ एवढंच पडद्यावर येतं. मुलं दुकानदाराला फोन लावतात. टीव्ही बिघडलेला नसतो. नेटवर्कच्या यादीत त्याची नोंद नसते, इतकंच. मोबाइलवर लॉगिनचं पान उघडतं, तिथे नाव-पासवर्ड टाकला की काम होतं. टीव्हीवर ते पान बहुधा धड उघडतच नाही. म्हणून त्याचा मॅक अ‍ॅड्रेस संगणक विभागाकडून नोंदवून घ्यावा लागतो.

हा अ‍ॅड्रेस म्हणजे दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेली बारा चिन्हं: 0 ते 9 आकडे आणि A ते F अक्षरं. त्यात O हे अक्षर नसतंच, त्यामुळे गोल दिसला की तो शून्यच. 8 आणि B मात्र नीट बघावेत. सेटिंगमध्ये नेटवर्क किंवा ‘टीव्हीविषयी माहिती’ या भागात तो सापडतो. पण बहुतेक टीव्हीला असे दोन अ‍ॅड्रेस असतात, एक वायरचा आणि एक वाय-फायचा. अर्जात वायरचा लिहिला आणि टीव्ही वाय-फायवर चालवला, तर मंजुरी मिळूनही दार बंदच.

याहून फसवा प्रकार गुगल टीव्हीवर दिसतो. समजा, अर्जात `68:41:9A:07:B8:2D` लिहिला. विभागाने तो नोंदवलाही. तरी टीव्ही बाहेरच. हॉस्टेलचं नेटवर्क निवडून त्याची माहिती उघडली, तर तिथे `6E:13:C0:5F:92:A4` दिसतो. डावीकडून दुसरं चिन्ह 2, 6, A किंवा E असेल, तर तो कारखान्यातला नसून टीव्हीने गोपनीयतेसाठी स्वतः तयार केलेला असण्याची दाट शक्यता असते. असे अ‍ॅड्रेस सहसा नेटवर्कगणिक वेगळे असतात. त्या नेटवर्कच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये उपकरणाचा मूळ मॅक निवडायचा आणि मगच अर्ज करायचा.

अर्जात मॅकबरोबर मॉडेल, सीरियल नंबर, खोली, जबाबदार व्यक्ती आणि किती दिवसांसाठी हवं ते लिहावं. कॉमन रूमच्या टीव्हीला रेक्टरची सही जोडली की विभागाला विचारायला फारसं उरत नाही. माहितीच्या पडद्याचा फोटो द्यावाच; नकलेतली चूक तिथेच पकडली जाते. नोंदलेल्या लॅपटॉपचा मॅक टीव्हीवर चढवायचा सल्ला मुलं एकमेकांना देतात. तो नियमभंग तर आहेच, शिवाय दोन्ही यंत्रं एकाच वेळी लावली की दोघांचंही नेट तुटतं.

मंजुरीनंतर टीव्हीवरचं ते नेटवर्क काढून पुन्हा जोडावं. एवढं करूनही मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवता येत नसेल, तर मॅकला दोष देऊ नका. अशा नेटवर्कवर यंत्रांना एकमेकांशी बोलू न देण्याची पद्धत सर्रास असते. त्याची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि ती सहसा मिळत नाही. अशा वेळी टीव्हीतल्याच अ‍ॅपवर मॅच लावावी.