हप्ता तिसरा, पैसे चौथ्या महिन्यात

डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीत दहा घरांची भिशी चालते, असे समजू. दर महिन्याला प्रत्येक घराचे दोन हजार, जमलेले वीस हजार चिठ्ठीत नाव निघालेल्या घराला, आणि दहा महिन्यांत प्रत्येकाचा नंबर लागून फेरी पूर्ण. ना व्याज, ना लिलाव. एवढ्या सरळ व्यवहाराला कॉम्प्युटर कशाला, असे कुणालाही वाटेल. जोवर दहाही घरे ठरल्या तारखेला पुरते दोन हजार देतात, तोवर वहीचे एक पान खरोखरच पुरते.

तिसऱ्या महिन्यात कांबळे वहिनी एक हजारच देतात. बाकीचे पुढच्या महिन्यात देईन म्हणतात. नंबर डिसोझांचा लागलेला असतो आणि त्यांना पूर्ण वीस हजार द्यायचे असतात, म्हणून भिशी चालवणाऱ्या जोशी काकू स्वतःचे हजार घालतात. पुढच्या महिन्यात वहिनी तीन हजार आणून देतात. वहीतल्या तिसऱ्या महिन्याच्या रकान्यात आता 1000 खोडून 2000 लिहिले जाते आणि काकूंनी पदरचे घातले होते, याचा मागमूसही उरत नाही. भिशीतले वाद अशा खाडाखोडीतूनही होतात; त्यात लबाडी असतेच असे नाही.

म्हणून हिशेबाचे साधन निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की पैसे कधी आले आणि ते कोणत्या हप्त्याचे होते, या दोन गोष्टी त्यात वेगवेगळ्या लिहिता येतात का. इंटरनेटवर फुकट मिळणारे बरेच तयार नमुने इथेच अडतात. घरखर्चाचा नमुना उत्पन्न आणि खर्च मोजतो, पण माणसे मोजत नाही. बचत गटाच्या नमुन्यात कर्ज आणि व्याजाचे रकाने असतात, कारण गटाचा पैसा साठतो आणि फिरतो. भिशीची पेटी मात्र दर महिन्याला रिकामी व्हायची असते. सर्वांत जवळचा नमुना शाळेच्या हजेरीपत्रकाचा: डावीकडे नावे, वर तारखा. तो घ्यायला हरकत नाही, पण केवळ पाहण्यासाठी. लिहिण्याचे पान वेगळे हवे. नमुना उघडताच तो मॅक्रो चालू करायला किंवा तुमच्या खात्याची परवानगी मागू लागला, तर सरळ बंद करावा. भिशीच्या हिशेबाला त्यातले काहीच लागत नाही.

फुकट साधनांत तीन नावे पुढे येतात. लिबरऑफिस कॅल्क खाते न उघडता आणि इंटरनेटशिवाय चालते. पण फाइल एकाच संगणकावर राहते आणि व्हॉट्सॲपवर पाठवली की दहा घरांत दहा प्रती होतात. त्यातली खरी कोणती, हा नवाच वाद. मायक्रोसॉफ्टचे फुकट खाते असेल, तर एक्सेल ब्राउझरमध्ये वापरता येते आणि फाइल इतरांना दाखवता येते. गूगल शीट्सही तेच करते आणि बहुतेकांच्या अँड्रॉइड फोनवर गूगलचे खाते आधीपासून असतेच. भिशीसाठी हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरावा. ज्या घरात संगणक नाही, तिथल्या आजींनाही लिंक दाबून तक्ता बघता आला पाहिजे. हिशेब एकट्या काकूंनीच बघायचा असेल, तर कॅल्क उत्तम आणि खासगीसुद्धा.

शीट्समध्ये तीन पाने करावीत. ‘जमा’ या पानावर आलेल्या प्रत्येक रकमेची एक ओळ: दिनांक, नाव, हप्ता क्रमांक, रक्कम, आणि रोख की यूपीआय. कांबळे वहिनींचे तीन हजार इथे दोन ओळींत येतात, एक हजार हप्ता 3 चे आणि दोन हजार हप्ता 4 चे, दोन्हींची तारीख एकच. जुने काही खोडावे लागत नाही. ‘वाटप’ या पानावर हप्ता क्रमांक, नाव, दिनांक आणि दिलेली रक्कम. तिसरे पान ‘तक्ता’. त्याच्या पहिल्या रकान्यात दहा नावे, वरच्या ओळीत 1 ते 10 हे हप्ते, आणि आतल्या चौकटींत हाताने काहीही न लिहिता फक्त हे सूत्र:

```
=SUMIFS('जमा'!$D:$D,'जमा'!$B:$B,$A2,'जमा'!$C:$C,B$1)
```

हे B2 मध्ये लिहून उजवीकडे आणि खाली ओढले, की शंभर चौकटी आपोआप भरतात. त्यापुढच्या L रकान्यात प्रत्येक घराने किती उचलले आणि किती भरले, यातला फरक काढावा:

```
=SUMIFS('वाटप'!$D:$D,'वाटप'!$B:$B,$A2)-SUM(B2:K2)
```

सगळ्या तक्त्यात वाचण्याजोगा रकाना हाच. चार महिन्यांनंतर, पहिला नंबर लागलेल्या पाटलांसमोर 12,000 दिसतात, कारण त्यांनी वीस हजार उचलले आणि आठ हजारच भरले. अजून नंबर न लागलेल्या शेख कुटुंबासमोर उणे 8,000 दिसतात. त्यांचे तेवढे पैसे इतरांकडे आहेत. पाटलांचे हप्ते लांबायला लागले, तर धोका कोणाला आणि किती, हे इथे उघडे पडते. फेरी संपताना दहाही घरांसमोर शून्य यायला हवे.

चूक शोधायला दोन आकडे पुरतात. एकूण जमा वजा एकूण वाटप म्हणजे हातातली शिल्लक. डिसोझांना पैसे दिले त्या दिवशी 59,000 जमा आणि 60,000 वाटप, म्हणून उणे 1,000; काकूंच्या पदराचा हिशेब तिथे न सांगता लागतो. दुसरा आकडा ‘जमा’ पानाची बेरीज आणि तक्त्याची बेरीज यांतला फरक:

```
=SUM('जमा'!D:D)-SUM(B2:K11)
```

तो शून्य नसेल, तर कुठेतरी ‘कांबळे’च्या मागे चुकून मोकळी जागा पडलेली असते किंवा हप्त्याचा क्रमांक राहिलेला असतो. मात्र कोणी रकमेच्या जागी ‘2000 रु.’ लिहिले, तर तो मजकूर ठरतो, दोन्ही बेरजांतून गळतो आणि फरक शून्यच राहतो. ओळखण्याची खूण अशी, की संख्या चौकटीत उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे चिकटतो. Data validation वापरून नावाला यादी आणि रकमेला ‘फक्त संख्या’ अशी अट घातली, की या चुका दारातच अडतात. ‘वाटप’च्या नावांना `=COUNTIF($B$2:$B$11,B2)=1` ही अट लावली, तर एकाच घराला दोनदा भिशी लागत नाही. ज्यांनी दोन नावे घातली असतील, त्यांची नोंद ‘कुलकर्णी 1’ आणि ‘कुलकर्णी 2’ अशी करावी.

लिहिण्याचा अधिकार दोघांनाच असावा, बाकी आठ घरांना Viewer म्हणून लिंक द्यावी. ही लिंक पुढे कुठेही जाऊ शकते, म्हणून फोन नंबर किंवा बँक खात्याचा क्रमांक तक्त्यात ठेवू नये. कोणी काय बदलले, ते File मेनूतल्या Version history मध्ये सापडते. पण तिथे टाइप कोणी केले एवढेच कळते, पैसे कोणी दिले ते कळत नाही. यूपीआयचा व्यवहार क्रमांक ‘जमा’ पानावर लिहिता येतो. रोख रकमेला तशी खूण नसते, म्हणून रोख देणाऱ्याने त्याच संध्याकाळी तक्ता उघडून आपली चौकट बघावी आणि भिशी उचलणाऱ्याने वहीत सही करावी. वही इथे पुन्हा उपयोगी पडते.

नवी फेरी सुरू करताना जुनी पाने पुसू नयेत. फाइलची प्रत काढून तिच्यातली ‘जमा’ आणि ‘वाटप’ रिकामी करावीत आणि जुनी फाइल तशीच ठेवावी. पुढच्या फेरीत कोणाला घ्यायचे, हे ठरवताना कोणाचे हप्ते किती दिवस लांबले, ते तिच्यातल्या तारखांवरून दिसते.