उत्स्फूर्त छायाचित्रातील देहबोलीचे वाचन : हात, उभे राहण्याची ढब व नजर यांचा अन्वयार्थ आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
मनुष्य शब्दांवाचूनही बरेच काही व्यक्त करीत असतो. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रे बर्डव्हिस्टेल यांनी १९५० च्या दशकात शारीरिक हालचालींच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे स्वरूप देण्याचा प्रयत्न केला. मात्र कोणत्याही हालचालीचा सर्वत्र एकच अर्थ नसतो आणि तो संदर्भावरून ठरतो, यावर त्यांचा भर होता. पुढे देहबोलीवरील लोकप्रिय पुस्तकांतून हा इशारा मागे पडला व ‘हाताची घडी म्हणजे विरोध’ अशा स्वरूपाची सूत्रे रूढ झाली. व्यक्तिमत्त्व विकासाच्या तासिकांतून आणि मुलाखतींच्या मूल्यमापनातून आजही ती वापरली जातात. प्रस्तुत लेखात एका सुप्रसिद्ध उत्स्फूर्त छायाचित्राच्या आधारे या सूत्रांची तपासणी केली आहे.

छायाचित्र व त्याचे वर्णन :
९ जून २०१८ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात शार्लव्हा येथे ‘जी-७’ राष्ट्रांच्या परिषदेच्या वेळी जर्मन सरकारचे छायाचित्रकार येस्को डेन्झेल यांनी एक छायाचित्र टिपले. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल दोन्ही हात टेबलावर टेकवून, किंचित पुढे झुकून उभ्या आहेत. त्यांच्यासमोर अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प हाताची घडी घालून खुर्चीवर बसले आहेत. फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ मर्केल यांच्या बाजूस आहेत. मध्यभागी जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे उभे असून त्यांच्याही हातांची घडी आहे. कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

जर्मन सरकारने हे छायाचित्र प्रसिद्ध करताच जगभर त्याचा एकच अर्थ लावला गेला : हटवादी ट्रम्प आणि त्यांना खडसावणाऱ्या मर्केल. हा अर्थ ज्या तीन खुणांवर आधारलेला होता, त्यांचा क्रमाने विचार करू.

हातांची स्थिती :
ट्रम्प यांच्या हाताची घडी विरोधाची मानली, तर आबे यांच्या घडीचाही तोच अर्थ घ्यावा लागेल. परंतु बहुतेकांनी आबे यांची घडी कंटाळ्याची किंवा चिंतेची मानली. म्हणजे अर्थ हातांवरून निघाला नाही. त्या व्यक्तीविषयी जे मत आधीच होते, ते हातांवर आरोपित झाले. वस्तुतः घडी घालण्यामागे थंडी, सवय, हात टेकण्यास जागा नसणे किंवा एकाग्रता अशी अनेक कारणे संभवतात. फ्रीडमन व एलियट यांच्या २००८ मधील प्रयोगांत हाताची घडी घालून बसलेल्या विद्यार्थ्यांनी कठीण शब्दकोडे सोडविण्याचा प्रयत्न अधिक वेळ चालू ठेवल्याचे आढळले. तेथे घडी ही चिकाटीची सोबती होती. आपल्याकडे तर ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही शाळेतील आज्ञा पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. त्या वर्गातील हाताची घडी शिस्तीची निदर्शक असते. तिच्यात विरोध शोधणारा निरीक्षक साहजिकच फसेल.

उभे राहण्याची ढब :
मर्केल उभ्या आणि ट्रम्प बसलेले, या उंचीच्या फरकामुळे मर्केल यांचे वर्चस्व जाणवते. परंतु एखाद्या मसुद्यावर चर्चा करताना बसलेल्या व्यक्तीभोवती इतरांनी वाकून उभे राहणे ही कामकाजातील नित्याची मांडणी आहे. शिवाय हीच मांडणी उलटही वाचता येते : ज्याच्याभोवती सारे जमले आहेत, तोच केंद्रस्थानी. ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी या बैठकीच्या छायाचित्रासह अमेरिकेच्या ठाम भूमिकेचे समर्थनच केले. एका गटाला जो हट्ट वाटला, तो दुसऱ्या गटाला खंबीरपणा वाटला.

नजर :
नजरेचे वाचन सर्वांत फसवे असते. कॅमेरा त्रिमितीय दृश्य सपाट करतो. त्यामुळे एखादी व्यक्ती समोरच्याकडे पाहते आहे की त्याच्या मागील व्यक्तीकडे, हे अनेकदा निश्चित करता येत नाही. विल्यम वोलॅस्टन यांनी १८२४ मध्येच दाखवून दिले होते की, चित्रातील डोळे तेच ठेवून चेहऱ्याची दिशा बदलली, तर नजरेची दिशाही बदलल्यासारखी भासते. याच बैठकीची इतर देशांच्या प्रतिनिधिमंडळांनी वेगळ्या कोनांतून व वेगळ्या क्षणी टिपलेली छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. त्यांत त्याच माणसांचे परस्परसंबंध निराळे भासतात, आणि प्रत्येक देशाच्या छायाचित्रात स्वाभाविकच त्या देशाचा नेता ठळक दिसतो.

काळाची मर्यादा :
छायाचित्र सेकंदाचा एक अंश टिपते, तर देहबोली ही प्रवाही असते. १० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्ग येथे नेल्सन मंडेला यांच्या स्मृतिसभेत अध्यक्ष बराक ओबामा, डेन्मार्कच्या व ब्रिटनच्या पंतप्रधानांसह मोबाईलवर छायाचित्र काढत असताना शेजारी मिशेल ओबामा गंभीर चेहऱ्याने बसलेल्या दिसल्या. त्यावरून त्या रुष्ट असल्याची चर्चा रंगली. परंतु काही क्षणांपूर्वी त्या स्वतःच इतरांशी थट्टाविनोद करीत होत्या, असे ते दृश्य टिपणारे छायाचित्रकार रॉबेर्तो श्मिट यांनी नंतर लिहिले. त्यांची ती मुद्रा योगायोगाने टिपली गेली होती.

शार्लव्हाच्या बाबतीत काळाने आणखी एक गुंतागुंत निर्माण केली. परिषद सोडल्यानंतर ट्रम्प यांनी संयुक्त निवेदनाला दिलेली संमती मागे घेतली. त्यामुळे ‘छायाचित्रात हे आधीच दिसत होते’ असा समज दृढ झाला. १२ जून रोजी सिंगापूर येथे ट्रम्प यांनी त्या क्षणी आपण सुधारित दस्तऐवजाची वाट पाहत होतो व संभाषण मैत्रीपूर्ण होते, असे सांगितले. हे स्पष्टीकरण हितसंबंधी व्यक्तीचे असल्यामुळे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. परंतु केवळ छायाचित्राच्या आधारे ते खोडूनही काढता येत नाही. परिषदेत मतभेद होते, हे जे आपण जाणतो, ते व्यापारशुल्काच्या वादाविषयीच्या वृत्तांवरून. हातांच्या घडीने ती माहिती दिलेली नाही.

वाचनाची ग्राह्य पद्धती :
याचा अर्थ असे वाचन निरर्थक ठरते, असा नाही. कोण कोणाच्या जवळ आहे, शरीरे कोणत्या दिशेस वळली आहेत, लक्ष कोठे एकवटले आहे, हे छायाचित्र बऱ्याच अंशी सांगते. शार्लव्हाच्या छायाचित्रातून एका छोट्या वर्तुळात गंभीरपणे चर्चा चालू असल्याचे विधान निश्चितच करता येते. त्यापुढे जाण्यासाठी तीन पायऱ्या आवश्यक ठरतात. प्रथम, ‘हटवादी’, ‘रुष्ट’ असे शब्द टाळून केवळ दिसणाऱ्या गोष्टींची नोंद करावी. दुसरे, त्या व्यक्तीची नेहमीची ढब अन्य छायाचित्रांतून पाहावी. एखादी व्यक्ती आनंदाच्या प्रसंगीही हाताची घडी घालत असेल, तर त्या खुणेचे मोल उरत नाही. तिसरे, त्याच प्रसंगाची आधीची, नंतरची व अन्य कोनांतील दृश्ये मिळवून दुसरा अर्थ संभवतो का, हे तपासावे. दोन परस्परविरोधी अर्थ सारखेच जुळत असतील, तर निर्णय राखून ठेवणे हेच शास्त्रीय होय.

समारोप :
उत्स्फूर्त छायाचित्र शरीराची स्थिती दाखवते, तिचे कारण दाखवत नाही. मुलाखतीस आलेल्या उमेदवाराच्या किंवा वर्गात हाताची घडी घालून बसलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही हेच खरे आहे. फरक इतकाच की, छायाचित्रातील व्यक्तीला कारण विचारता येत नाही. समोरच्या व्यक्तीला ते विचारता येते, आणि तिच्याविषयी मत बनविण्यापूर्वी ते विचारले गेले पाहिजे.