भरताना दोन, रिकामं होताना एक

नऊ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि आठ पायांची काळी आयसी. जोडणी झाली की एलईडी लुकलुकू लागतो आणि बॅटरी काढेपर्यंत थांबत नाही. ही आयसी म्हणजे ५५५ टायमर. हान्स कॅमेंझिंड या स्विस वंशाच्या अभियंत्याने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी तिची रचना केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही ती सहज मिळते.

‘चालू’ आणि ‘बंद’ यांपैकी कोणत्याच अवस्थेत हे सर्किट टिकून राहत नाही, म्हणून त्याला अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर म्हणतात. लुकलुकण्याचा वेग मात्र आयसी ठरवत नाही. तो ठरतो बाहेर जोडलेल्या तीन भागांवर: R1 आणि R2 हे दोन रेझिस्टर आणि C हा कपॅसिटर.

कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. आयसीच्या आत सारख्या किमतीचे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडलेले असतात आणि ते बॅटरीच्या दाबाचे तीन समान भाग करतात. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर दोन खुणा मिळतात, तीन व्होल्ट आणि सहा व्होल्ट. टाकी सहाच्या खुणेला पोहोचली की आयसी सातव्या पायातून ती रिकामी करू लागते. पातळी तीनवर आली की तो मार्ग बंद होतो आणि टाकी पुन्हा भरू लागते. भरताना वीज R1 आणि R2 या दोन्हींतून येते, रिकामी होताना फक्त R2 मधून जाते. सारं गणित या एका फरकातून निघतं.

भरताना टाकी तीन व्होल्टवर असते, म्हणजे बॅटरीच्या पातळीला सहा व्होल्ट कमी. सहावर पोहोचते तेव्हा तीनच कमी उरतात, अंतर निम्मं होतं. रिकामी होताना सहाचे तीन होतात, म्हणजे पुन्हा निम्मं. अंतर निम्मं व्हायला रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराच्या ०.६९३ पट वेळ लागतो, म्हणून दोन्ही वेळा तोच आकडा येतो. बॅटरी नऊऐवजी बारा व्होल्टची लावली तरी खुणा त्याच प्रमाणात वर सरकतात आणि वेग जवळजवळ तोच राहतो. ही रचना मला फार सुंदर वाटते.

```
चालू वेळ = 0.693 × (R1 + R2) × C
बंद वेळ  = 0.693 × R2 × C
f = 1.44 / ((R1 + 2×R2) × C)
```

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. R1 १० किलोओहम, R2 ६८ किलोओहम आणि C १० मायक्रोफॅरड. चालू वेळ ०.५४ सेकंद आणि बंद वेळ ०.४७ सेकंद येते. एक फेरी सुमारे १.०१ सेकंदाची, म्हणजे वारंवारता जवळपास एक हर्ट्झ. फेरीतला चालू वाटा, ज्याला ड्यूटी सायकल म्हणतात, तो ७८ भागिले १४६, म्हणजे ५३ टक्के.

दोन्ही रेझिस्टरांची अदलाबदल केली तर? बेरीज तीच असल्याने चालू वेळ ०.५४ सेकंदच राहते, पण बंद वेळ ०.०७ सेकंदावर येते. ड्यूटी सायकल ८९ टक्क्यांच्या आसपास जाते आणि एलईडी क्षणभरच विझतो.

भरण्याच्या वाटेत R1 जास्तीचा असतो, म्हणून या जोडणीत चालू वाटा ५० टक्क्यांवर किंवा त्याखाली येत नाही. तो अगदी निम्मा करायचा म्हणून काहीजण R1 काढून तिथे सरळ तार जोडतात. ते मुळीच करू नये: रिकामं करण्याच्या वेळी सातवा पाय थेट बॅटरीला भिडतो आणि आयसी जळते. R1 निदान एक किलोओहम ठेवावा. चालू वाटा कमीच हवा असेल, तर R2 ला समांतर डायोड लावावा, म्हणजे भरताना वीज R2 ला वळसा घालून जाते. डायोडही थोडा दाब खातो, त्यामुळे वरची सूत्रं तिथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

बॅटरी जोडल्यावरचा पहिला प्रकाश लांबतो, कारण टाकी तेव्हा तीनपासून नव्हे, शून्यापासून भरते. वरच्या आकड्यांवर तो सुमारे ०.८६ सेकंद टिकतो. हा बिघाड नव्हे.

त्यानंतरही वेग गणिताशी जुळला नाही, तर आयसी बदलण्याआधी कपॅसिटरकडे पाहावं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील किमतीपेक्षा २० टक्के इकडेतिकडे असू शकतो. पहिला प्रकाश सोडून पुढच्या ६० फेऱ्या घड्याळ लावून मोजा. ६१ सेकंदांच्या आसपास संपल्या तर सगळं ठीक. ७३ सेकंद लागले, तर दहाचं लेबल असलेला तुमचा कपॅसिटर बहुधा बारा मायक्रोफॅरडचा आहे.