नळीचं वजन

येलदरीला मला पाठवलं होतं ते वीजगृहावर लिहायला. 1968 साली पूर्ण झालेलं धरण, गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णेवरचं, चार किलोमीटरहून लांब मातीची भिंत, पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच, आणि खाली सिद्धेश्वरकडे जाणारं पाणी. ही सगळी माहिती कुठल्याही पुस्तिकेत मिळते. ती वहीत उतरवून परत निघालो, तर रस्त्याकडेच्या शेतात बोअरवर तीन पायांचा घोडा उभा दिसला. चेन कप्पीला एक नळी लटकत होती आणि खाली दोन माणसं वाद घालत होती. मी गाडी थांबवली. वीजगृह तिथंच राहिलं.

वाद नळीच्या वजनाचा होता. शेतकऱ्यानं दोन इंची जीआयच्या पंधरा नळ्या आणल्या होत्या, सहा मीटरची एक, म्हणजे तीनशे फुटांचा माल. पट्टा निळा, म्हणजे मध्यम वर्गाची नळी. पिवळा पट्टा हलक्या नळीला आणि लाल जडला, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. पाच नळ्या बोअरमध्ये उतरल्या होत्या आणि सहावी खांद्यावर घेताना मिस्त्री थबकला होता. "साहेब, ही नळी खांद्याला लागेना," तो मला म्हणाला. "निळ्या पट्ट्याची नळी अशी नसती."

खांद्याची साक्ष कितपत मानायची हा प्रश्नच होता. त्यामुळे त्यानं खिशातून कागद काढला आणि मला एक हिशेब दाखवला. त्या हिशेबासाठीच हा लेख लिहितोय.

नळी उभी चिरून सपाट केली असं समजा. हाती येते लोखंडाची एक पट्टी. पट्टीची लांबी म्हणजे नळीची लांबी आणि पट्टीची जाडी म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी. घोळ होतो तो रुंदीत. बाहेरचा परीघ घेतला तर पट्टी जास्त रुंद धरली जाते, आतला घेतला तर कमी. खरी रुंदी दोन्हींच्या मधली, म्हणजे बाहेरच्या व्यासातून एक जाडी वजा करून जे राहील त्याचा परीघ. मिस्त्रीच्या कागदावर एवढंच होतं:

W = 0.02466 × t × (D − t)

D बाहेरचा व्यास आणि t जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. उत्तर येतं दर मीटरला किलो. सुरुवातीचा आकडा जादूचा नाही. पाय म्हणजे 3.1416 ला पोलादाच्या घनतेनं, घनमीटरला 7850 किलोनं, गुणलं आणि मिलिमीटरचे मीटर करण्यासाठी दहा लाखांनी भागलं की तो मिळतो. नळी दुसऱ्या धातूची असेल तर घनता तेवढी बदलायची. ॲल्युमिनियमची 2700 आहे, म्हणून तीच नळी ॲल्युमिनियमची केली तर वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

आता दोन इंची नळी. पहिली फसगत नावातच आहे, कारण दोन इंची नळी कुठूनही दोन इंच नसते. तिचा बाहेरचा व्यास 60.3 मिलिमीटर आहे. दोन इंचाचे 50.8 धरून हिशेब केला तर वजन सहाव्या हिश्श्याएवढं कमी येतं आणि दुकानदारावर भलताच आळ जातो. मध्यम वर्गाची जाडी 3.6. म्हणून 60.3 मधून 3.6 गेले, उरले 56.7, त्याला 3.6 नं आणि मग 0.02466 नं गुणलं की मीटरला 5.03 किलो. सहा मीटरला 30.2. वर जस्ताचा थर आतून-बाहेरून आहे. चौरस मीटरला 400 ग्रॅम धरला तर एका नळीला पाऊण-एक किलो. थोडक्यात, निळ्या पट्ट्याची नळी काट्यावर 31 किलोच्या आसपास भरायला हवी.

शेतकऱ्याच्या घरी कापूस मोजायचा काटा होता. मिस्त्रीनं आधी टोकाचं सॉकेट उतरवलं, कारण त्याचं वजन हिशेबात नाही. काट्यावर आकडा आला 25.4.

दरातली सूट, ओलावा, काट्याचा फरक असं काहीबाही बोलणं झालं. एकट्या नळीला वजनात दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, ही सूट मानकातच आहे. पण ती धरूनसुद्धा काळ्या नळीचं वजन 27 च्या खाली जायला नको. मग मिस्त्रीनं हिशेब उलटा चालवला, आणि मला त्याचं खरं कौतुक वाटलं ते इथं. जस्ताचे नऊशे ग्रॅम वजा केले, सहानं भागलं, मीटरला 4.08 आलं. त्याला 0.02466 नं भागलं, 165 आणि थोडं. आता कोणती जाडी घेतली की जाडी गुणिले 60.3 वजा जाडी एवढी भरते? तीन घेतली तर 172, जास्त झाली. 2.9 घेतली तर साडे-एकशेसहासष्ट. जमलं. नळी न कापता, मायक्रोमीटर न लावता भिंत 2.9 निघाली. ही पिवळ्या पट्ट्याची जाडी. पट्टा तेवढा कुणीतरी निळा मारला होता.

सात दशांश मिलिमीटरसाठी एवढं कशाला, असं मला वाटलं. मिस्त्रीनं नळीच्या टोकाचे आटे दाखवले. दोन इंची नळीवर इंचाला अकरा आटे असतात आणि एक आटा सुमारे दीड मिलिमीटर खोल जातो. तेवढं लोखंड तिथं कापून जातं. 3.6 च्या भिंतीत आट्याखाली दोनहून थोडं अधिक उरतं, 2.9 च्या भिंतीत जेमतेम 1.4. गंज आधी तिथंच बसतो आणि नळी तुटते तीही तिथंच, सॉकेटच्या तोंडाशी.

आणि त्या आट्यावर लटकतं किती? पंधरा चांगल्या नळ्यांचे 465 किलो. आतल्या पोकळीत मीटरला 2.2 लिटर पाणी, ते झडपेमुळं खाली जात नाही. नव्वद मीटरचं 200 किलो. मोटर आणि पंप साठेक किलो धरा. बोअरच्या पाण्यात बुडालेला भाग थोडा हलका होतो, तरी मोटर काढताना सातशेच्या घरातलं ओझं कप्पीवर येतं. बऱ्याच जणांची कप्पी अर्ध्या टनाची असते. शेतकरी नळीचं वजन विचारतो ते भाड्यासाठी, आणि पाण्याचं वजन तर कुणीच धरत नाही.

मोठ्या नळीत हे गणित उलटतं. चाळीस इंची, दहा मिलिमीटर जाडीची पाण्याची नळी घेतली तर लोखंड मीटरला 248 किलो आणि आतलं पाणी 779. म्हणून धरणातून गावांकडे जाणाऱ्या नळ्यांचे आधार बांधताना पाण्याचं वजन आधी धरतात. बोअरवर मात्र लोखंडच जड, आणि म्हणून लोक काळ्या एचडीपीईकडे वळलेत. 63 मिलिमीटरची, 5.8 जाडीची ती नळी मीटरला साधारण एक किलोच भरते. पण तिला ताण सोसत नाही, सोबत दोर लागतो, आणि मोटर अडकली तर ओढायला काही हाती राहत नाही. मिस्त्रीचा तिच्यावर भरवसा नाही. माझं मत विचाराल तर नव्वद मीटरच्या आत तीच घ्यावी, पण त्या दिवशी मी गप्प बसलो.

दहा नळ्या परत पाठवायच्या ठरल्या. उतरलेल्या पाचांवरून पुन्हा वाद पेटला. शेतकऱ्याला त्याही काढायच्या होत्या. मिस्त्री म्हणाला, सगळ्यात जास्त ओझं वरच्या आट्यावर येतं. तळच्या नळ्यांवर मोटर आणि त्यांचं स्वतःचंच. त्या तळाला राहू द्या, वर दहा चांगल्या घाला. मोटर सुरू होताना बसणारा हिसका तळच्याच सांध्याला आधी लागतो, हे मी म्हणालो. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "त्यासाठीच तर दोर बांधायलोय."

नव्या दहा नळ्या दोन दिवसांनी आल्या. उतरवण्याआधी दहाच्या दहा काट्यावर चढल्या, सगळ्या तीस आणि बत्तीसच्या मध्ये. पाच हलक्या नळ्या अजून तळाला आहेत.