शंभर ग्रॅममध्ये पाणी किती?

रात्रीच्या जेवणाला पनीर करायचं, टोफू करायचा, की दही फडक्यात टांगून चक्का काढायचा? हा प्रश्न पडला की हल्ली बहुतेक जण मोबाईलवर तिघांचे शंभर ग्रॅमचे आकडे काढून शेजारी शेजारी ठेवतात. पनीरमध्ये प्रथिनं साधारण १८ ग्रॅम आणि फॅट २३. घट्ट टोफूत १४ आणि ८. टोन्ड दुधाच्या दह्याच्या चक्क्यात ८ आणि साडेसात. एवढं पाहिलं की निकाल लागल्यासारखा वाटतो: प्रथिनांत पनीर पहिलं, फॅटमध्येही पनीरच पहिलं आणि चक्का दोन्हीकडे मागे.

निकाल चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण शंभर ग्रॅम वजन करताना प्रथिनं आणि फॅटबरोबर पाणीही तराजूत चढतं, आणि ते तिघांत सारखं नसतं. बाजारातल्या चांगल्या पनीरमध्ये ५० ते ५५ टक्के पाणी असतं. कायद्याने ते ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि पाणी वगळून जे उरतं त्यात निम्मं तरी दुधाचं फॅट असावं लागतं. घट्ट टोफूत पाणी साधारण ७० ते ७५ टक्के, घरच्या चक्क्यात सुमारे ८० टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम चक्क्यात खायचा ऐवज वीस ग्रॅमच. पनीर जिंकतं ते बऱ्याच अंशी कोरडं असल्यामुळे.

चक्क्याचा हिशोब घरी सहज करता येतो. एक लिटर टोन्ड दूध घ्या. पिशवीवरच्या नियमाप्रमाणे त्यात ३ टक्के फॅट, म्हणजे ३० ग्रॅम, आणि प्रथिनं साधारण ३२-३३ ग्रॅम. दूध उकळून विरजण लावलं, दही मलमलच्या फडक्यात बांधून फ्रीजमध्ये रात्रभर टांगलं, की पिवळसर पाणी खाली गळतं आणि वर चारशे ग्रॅमच्या आसपास चक्का उरतो. त्या पाण्यातून लॅक्टोज बरंच निघून जातं, पण फॅट जवळजवळ सगळं फडक्यातच राहतं. प्रथिनंही बहुतेक राहतात, कारण दूध नीट उकळलेलं असेल तर पाण्यात निसटणारी प्रथिनंसुद्धा आधीच केसिनला चिकटलेली असतात. आता ३० ग्रॅम फॅट आणि ३१-३२ ग्रॅम प्रथिनं चारशे ग्रॅममध्ये वाटली, की शंभरात साडेसात आणि आठ येतात. दही आणखी चार तास टांगून चक्का तीनशे ग्रॅमवर आणला तर तेच आकडे दहा आणि साडेदहा होतात. दूध तेच, चक्का तोच, फक्त पाणी कमी झालं.

पनीरचंही असंच आहे. लिंबाने किंवा व्हिनेगरने नासवलेलं दूध दाबून पाणी काढलं की पनीर, आंबवून टांगलं की चक्का. फॅट आणि प्रथिनांचं परस्परांशी नातं मात्र दुधानेच ठरवलेलं असतं. म्हणून चक्का म्हणजे हलका आणि पनीर म्हणजे जड, ही समजूत दुधाची पिशवी बदलली की कोसळते. फुल क्रीम दुधात फॅट दुप्पट, ६ टक्के. त्याच्या चारशे ग्रॅम चक्क्यात शंभराला १५ ग्रॅम फॅट आणि प्रथिनं पुन्हा आठच. दीड टक्क्याच्या डबल टोन्डचा चक्का केला तर फॅट चारवर येतं, प्रथिनं आठाच्या आसपासच.

मग तुलना करायची कशी? ताटात प्रथिनं किती हवीत हे आधी ठरवावं आणि वजन मागून काढावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. त्यातली तिसरा हिस्सा म्हणजे १७-१८ ग्रॅम रात्रीच्या ताटात असावीत असं धरू. तेवढ्यासाठी पनीर लागेल शंभर ग्रॅम आणि सोबत येईल २३ ग्रॅम फॅट. टोफू लागेल १३० ग्रॅम, फॅट दहाच. टोन्ड दुधाचा चक्का सव्वादोनशे ग्रॅम, फॅट १७. आणि फुल क्रीमचा तेवढाच चक्का घेतला तर फॅट ३४ ग्रॅम, म्हणजे पनीरपेक्षा दीडपट! शंभर ग्रॅमच्या तक्त्यात हे दिसत नाही. शिवाय सव्वादोनशे ग्रॅम चक्का एका बैठकीला खाणं ही काही सोपी गोष्ट नाही. तिथे श्रीखंडाची वाटीच आठवते आणि साखर हात पुढे करते.

टोफूची खरी ताकद या हिशोबात उघड होते. फॅट कमी आहेच, पण ते सोयाबीनचं आहे. त्यातला संतृप्त भाग साधारण सातव्या हिश्शाएवढा, तर दुधाच्या फॅटमध्ये तो दोन-तृतीयांशाच्या जवळ जातो. कोलेस्टेरॉलकडे लक्ष ठेवायला सांगितलेल्या माणसाने पनीर आणि टोफू यांत निवड करायची झाली, तर एवढं कारण पुरेसं आहे.

पण कढई हा सगळा फरक चुटकीसरशी पुसून टाकते. तीन चहाचे चमचे तेल म्हणजे जवळपास १४ ग्रॅम फॅट. शंभर ग्रॅम टोफू त्यात परतला की त्याचे ८ ग्रॅम २२ होतात, म्हणजे कच्च्या पनीरच्या शेजारी जाऊन बसतात. टोफू फिका म्हणून लोक त्याला जास्त तेल आणि जास्त मसाला देतात, हेच नेमकं उलटं पडतं. त्यापेक्षा टोफूचा ठोकळा स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर जड भांडं ठेवून वीस मिनिटं दाबावा. पाणी गेलं की तुकडे तव्यावर एका चमच्यातही खरपूस होतात आणि आलं-लसणाची चव आत घेतात. नाहीतर सुटलेल्या पाण्यात ते नुसतेच शिजतात. पाण्यात बुडवून विकल्या जाणाऱ्या पाकिटाचं वजनही पाणी ओतून, टोफू टिपून मगच करावं.

मऊ, रेशमी टोफूचं गणित वेगळं. त्यात शंभराला पाच ते सात ग्रॅमच प्रथिनं असतात, त्यामुळे 'टोफू' एवढाच शब्द वाचून हिशोब मांडू नये. पाकिटामागचा तक्ता पाहावा.

चक्क्याला मात्र तेल लागतच नाही. तो गरम रश्श्यात घातला की फुटतो, म्हणून थंडच वापरतात: ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि थोडं भाजलेलं जिरं घालून भाकरीशी. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत प्रथिनं पाचेक ग्रॅम येतात. सोबत डबल टोन्ड दुधाचा शंभर ग्रॅम चक्का आणि ऐंशी ग्रॅम टोफू एका चमचा तेलात परतलेला, एवढ्यावर ताटात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं होतात आणि फॅट सगळं धरून १५-१६ ग्रॅम. याच भाकरीशी दीडशे ग्रॅम पनीरची भुर्जी तीन चमचे तेलात केली तर प्रथिनं ३२ होतात, आणि फॅट जवळपास पन्नास.